अनामिक कॉमेंट्समधलं मौन मोजायचं कसं?

प्रश्न: मी जनसंवादात एम.ए. करतेय. बातम्यांखालच्या निनावी कॉमेंट्स गोळा करून त्यांवर ‘स्पायरल ऑफ सायलेन्स’, म्हणजे मौनाच्या आवर्ताचा सिद्धांत, तपासायचा विचार आहे. पण नावगाव दिसतच नसेल तर माणूस गप्प का बसेल? आणि तो गप्प बसला हे मला कळणार कसं?

उत्तर:

दुसरा भाग आधी घेऊ, कारण तिथेच बहुतेक प्रबंध अडतात. नुसत्या गोळा केलेल्या कॉमेंट्सवरून ते कळणार नाही. जो लिहून गेला तोच तुमच्या फाइलमध्ये येतो. ज्याने वाचलं, ज्याचं मत होतं आणि तरीही ज्याने लिहिलं नाही, त्याची त्या फाइलमध्ये ओळच नसते.

समजा, एका बातमीखाली 80 कॉमेंट्स आहेत, 60 एका बाजूच्या आणि 20 दुसऱ्या बाजूच्या. वाचक खरोखर अर्धे-अर्धे विभागलेले असतील आणि दुसरी बाजू दबून बसली असेल, तर हाच आकडा दिसेल. वाचकांमध्येच 75 टक्के पहिल्या बाजूचे असतील आणि दोन्हीकडचे सारख्याच प्रमाणात लिहीत असतील, तरीही हाच आकडा दिसेल. वाचक अर्धे-अर्धेच आहेत, पण पहिल्या बाजूच्या एका गटाने आपापसात लिंक फिरवून माणसं आणली, तरी हाच. दुसऱ्या बाजूने 60 लिहिल्या आणि त्यातल्या 40 मॉडरेटरने उडवल्या, तरी हाच. चार वेगळ्या गोष्टी आणि आकडा एकच. तिथे कितीही चांगलं सांख्यिकी तंत्र वापरलं तरी उपयोग नाही, कारण भाजक, म्हणजे न लिहिणारे धरून एकूण वाचणाऱ्यांची संख्या आणि त्यांचं खाजगी मत, तुमच्याकडे नाही. शिवाय 20 बातम्यांखालच्या 4,000 कॉमेंट्स गोळा केल्या, तरी त्या 4,000 स्वतंत्र नोंदी होत नाहीत. प्रत्येकाने वरच्या कॉमेंट्स वाचून लिहिलेलं असतं. स्वतंत्र नोंदी 20 धाग्यांच्याच.

म्हणून माझं स्पष्ट मत: गोळा केलेला मजकूर विषय निवडायला, भाषेचा बाज समजून घ्यायला वापरा. कल्पनेची परीक्षा प्रयोगातूनच घ्या.

आता पहिल्या भागाकडे. जर्मन जनमत-संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांचा या कल्पनेवरचा प्रसिद्ध इंग्रजी लेख 1974चा, पण तिचं मूळ 1965च्या पश्चिम जर्मनीतल्या निवडणुकीत आहे. मतदानाचा इरादा विचारला की दोन्ही मोठे पक्ष कित्येक महिने जवळपास बरोबरीत दिसत होते. ‘जिंकेल कोण?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र हळूहळू एका बाजूला सरकत गेलं आणि शेवटी मतंही त्याच बाजूला झुकली. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला एकटं पडण्याची भीती असते. म्हणून तो आजूबाजूच्या मतांचा अंदाज सतत घेत राहतो आणि आपली बाजू मागे पडतेय असं वाटलं की बोलायचं टाळतो. त्याच्या न बोलण्यामुळे ती बाजू आणखी दुबळी दिसते आणि पुढचाही गप्प बसतो. हे तपासायला त्यांनी ‘रेल्वे कसोटी’ वापरली: पाच तासांच्या प्रवासात डब्यातला अनोळखी सहप्रवासी अमुक विषयावर बोलू लागला, तर तुम्ही त्याच्याशी बोलाल का?

त्या डब्यात नाव कुणालाच माहीत नसतं, पण चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि पाच तास उठून जाता येत नाही. निनावी कॉमेंटमध्ये यातलं काहीच नाही. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे आणि परीक्षेची खरी गंमतही तिथेच आहे. सिद्धांताचं इंजिन एकटेपणाची भीती असेल, तर ओळख काढून घेतल्यावर परिणाम घटला पाहिजे. पण उलटा अंदाज करणारा विचारही आहे. रायशर, स्पिअर्स आणि पोस्टमेस यांनी 1990च्या दशकात मांडलेल्या मॉडेलनुसार नाव-चेहरा गेला की माणूस स्वतःकडे व्यक्ती म्हणून कमी आणि गटाचा घटक म्हणून जास्त पाहतो. ‘आपण सगळे इथले’ ही भावना जागी असेल, तर निनावीपणात गटाच्या मताचा दाब वाढूही शकतो. म्हणजे निनावीपणामुळे परिणाम घटतो, तसाच राहतो की वाढतो, यावरून कोणतं स्पष्टीकरण टिकतं ते कळू शकतं. पूर्ण प्रयोगाची आखणी या एका तुलनेभोवती करू. एम.ए.च्या वेळात त्यातलं किती बसेल ते शेवटी पाहू.

परिणाम किती मोठा असेल याची कल्पना आधीच असू द्या. 1997मध्ये ग्लिन, हेज आणि शॅनहन यांनी 17 सर्वेक्षणांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा संबंध सापडला पण अगदी क्षीण. 2018मध्ये मॅथेस आणि सहकाऱ्यांनी 66 अभ्यास एकत्र केले. सहसंबंध सुमारे 0.1 आला आणि ऑनलाइन-ऑफलाइन यात ठळक फरक दिसला नाही. जवळच्या माणसांशी बोलायचं असेल तिथे मात्र तो जास्त होता. हा शेवटचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. अनोळखी निनावी गर्दीपेक्षा ज्यांच्याशी उद्याही बोलायचं आहे त्यांचीच भीती मोठी असते, असं तो सुचवतो.

आता प्रयोग कसा उभा करायचा ते एका विषयावर दाखवते. विषय नैतिक धार असलेला हवा. नुसत्या तांत्रिक वादात चुकीच्या बाजूला असलं तरी कुणी वाळीत टाकत नाही आणि सिद्धांताचा दावाही अशा वादांबद्दल नाही. समजा विषय घेतला: औषधांच्या चाचण्यांसाठी प्राणी वापरावेत का?

पहिली पायरी प्रयोगाच्या आठवडाभर आधीची. सहभागींकडून दहाएक विषयांवर मतं घ्यायची आणि त्यांतच हा एक विषय मिसळून टाकायचा. मत किती पक्कं आहे हेही विचारायचं. याच वेळी स्वतःचं बोलणं आवरण्याच्या सवयीची प्रश्नावली भरून घ्यायची. हेज आणि सहकाऱ्यांची 2005ची आठ विधानांची मोजपट्टी त्यासाठी आहे. हे आधी करायचं कारण असं, की कॉमेंट्स दाखवल्यावर मत विचारलं तर ते मत कॉमेंट्समुळेच बदललेलं असू शकतं. ज्याचं मतच बदललं तो दबला नाही, त्याला पटलं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत तर पुढचं सगळं व्यर्थ.

दुसरी पायरी बनावट कॉमेंट्सचं पान. वर एक तटस्थ बातमी, खाली 12 कॉमेंट्स, 9 एका बाजूच्या आणि 3 दुसऱ्या. 12 पैकी 12 एकाच बाजूच्या ठेवल्या तर लोकांना लगेच वास येतो. कोणती बाजू बहुमतात दिसेल हे प्रत्येकासाठी यादृच्छिक ठरवायचं. मग ज्याचं आधीचं मत बहुमताशी जुळतं त्याला अनुकूल वातावरण मिळालं आणि ज्याचं जुळत नाही त्याला प्रतिकूल. यामुळे एखाद्या बाजूचे लोक मुळातच जास्त बोलके असतील, तरी तो फरक दोन्हीकडे सारखा वाटला जातो. अल्पमतातल्या तीन कॉमेंट्स चौथ्या, सातव्या आणि दहाव्या जागी ठेवा, दोन्ही प्रकारच्या पानांवर त्याच जागी. लाइकचे आकडे दाखवूच नका. मुचनिक, अराल आणि टेलर यांनी 2013मध्ये एका साइटवरच्या एक लाखाहून जास्त कॉमेंट्सवर प्रयोग केला होता. सुरुवातीला यादृच्छिकपणे दिलेल्या एका अनुकूल कौलानेही अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले होते. लाइक दाखवले तर तुम्ही कॉमेंट्सचं प्रमाण तपासताय की लाइकचं, हे सांगता येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ कॉमेंट्स लिहायला द्या. प्रत्येक कॉमेंटचं तिच्या तोडीचं विरुद्ध रूप हवं. उदाहरणार्थ, ‘प्राण्यांवर न तपासता औषध थेट माणसाला देणं मला पटत नाही. आधी खात्री नको का?’ आणि तिच्यासमोर, ‘माणसाच्या औषधासाठी प्राण्याला यातना देणं मला पटत नाही. दुसरी वाट नको का?’ लांबी सारखी, सूर सारखा, शेवटी दोन्हीकडे प्रश्न. एका बाजूला ‘मूर्ख’, ‘निर्दयी’ असे शब्द आले की प्रयोग शिवीगाळीचा होतो, अल्पमतात असण्याचा राहत नाही. विषयाची पूर्वकल्पना नसलेल्या वेगळ्या लोकांकडून या जोड्यांना सभ्यपणा आणि जोर यांसाठी गुण मिळवा. ज्या जोडीत दोन रूपांचे गुण जुळणार नाहीत ती टाकून द्या.

तिसरी पायरी निनावीपणाची. ‘निनावी’ या एका लेबलखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात: इतर वाचकांना नाव न दिसणं, चालवणाऱ्यालाही न कळणं आणि आजचा लेखक व कालचा लेखक एकच आहे हे न जुळणं. कायमचं टोपणनाव वापरणाऱ्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण त्या टोपणनावाची पत असते आणि ती गमवायची भीतीही असते. म्हणून दोनच टोकं घ्या. एका गटाला प्रत्येक कॉमेंटला नवा, आपोआप मिळणारा क्रमांक. दुसऱ्या गटाला स्वतःचं पहिलं नाव आणि फोटो. आणखी एक पेच आहे. सहभागीने नोंदणी तुमच्याकडे केली असेल, तर त्याला तुमच्यापुढे निनावी वाटणारच नाही. पहिल्या टप्प्याची माहिती आणि कॉमेंट यांची सांगड फक्त यादृच्छिक कोडने घाला, हे पानावर साध्या भाषेत लिहा आणि शेवटी ‘तुम्ही कोण हे कुणाला कळू शकेल असं वाटलं का?’ हे विचारा. नाव न दाखवणं हे तुमच्या हातात आहे. निनावी वाटणं त्यांच्या हातात.

मग मोजायचं काय? ‘तुम्ही इथे मत मांडाल का?’ असं विचारून थांबू नका. त्याला होकार देणं फार स्वस्त असतं. पानावर खरी चौकट द्या, ‘वाटल्यास लिहा, न लिहिता पुढे गेलात तरी चालेल’ असं सांगा आणि कोण लिहितो ते पाहा. त्याबरोबर चौकट उघडली का, टायपिंग सुरू करून सोडून दिलं का, याची नोंद ठेवा. सुरू करून पुसणारा माणूस या विषयात सोन्याच्या मोलाचा आहे, कारण त्याला बोलायचं होतं हे नक्की. पण पुसलेला मजकूर साठवू नका. तो त्याने तुम्हाला दिलेला नाही. अक्षरांची संख्या आणि वेळ पुरे, आणि हे नोंदवतोय याची संमती आधी घ्या.

लिहिलेल्या कॉमेंट्सही वाचाव्या लागतील, कारण बोलणं आणि गप्प बसणं यांच्यामध्ये बरंच काही असतं. प्रतिकूल वातावरणातला माणूस ‘मी काही जाणकार नाही, पण दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं लिहून सुटतो. मोजणीत तो बोलला, प्रत्यक्षात त्याने मत झाकलं. म्हणून प्रत्येक कॉमेंट दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचून तिची बाजू आणि तिचा ठामपणा नोंदवावा. ती कोणत्या गटातली हे त्यांना माहीत नसावं. दोघांचं किती जुळतं याचा आकडा प्रबंधात द्या.

आता किती माणसं लागतील? समजा अनुकूल वातावरणात 30 टक्के लिहितात आणि प्रतिकूल वातावरणात 20 टक्के. हा फरक मघाच्या 0.1 सहसंबंधाच्या मापाचाच आहे. तो 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे 290 माणसं लागतात, म्हणजे एकूण 580. हे जमण्यासारखं आहे. पण तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे: हा 10 टक्क्यांचा फरक निनावीपणात कमी होतो का? तो फरकांमधला फरक आहे. निनावीपणात तो पूर्ण नाहीसा होत असेल, तर चारही गटांत प्रत्येकी दुप्पट, म्हणजे 580 माणसं, एकूण 2,300च्या वर. तो फक्त निम्मा होत असेल, तर प्रत्येक गटात 2,300च्या वर आणि एकूण नऊ हजारांहून जास्त. ‘निनावीपणाने फरक पडत नाही’ असं म्हणणारा लहान अभ्यास वाचताना हे गणित करून पाहा. बहुधा फरक पडला असता तरी त्याला तो दिसला नसता.

लिहिण्याचं मूळ प्रमाण घसरलं तर हिशेब आणखी बिघडतो. खऱ्या साइटवर लिहिणारे फारच थोडे असतात. 3 टक्के आणि 2 टक्के यांतला फरक शोधायचा तर प्रत्येक गटात सुमारे 3,800 लागतील. म्हणूनच मी कृत्रिम पान सुचवतेय, जिथे चौकट समोर असते आणि मत असलेले लोक आधीच निवडलेले असतात. त्याची किंमत अशी, की तुमचा निष्कर्ष ‘ज्याला लिहायला समोर जागा दिली आहे’ अशा माणसाबद्दलचा राहतो. नुसता वाचून सरकणारा त्यात नाही.

आता निकालाचं वाचन. इथे सगळ्यात फसवा निकाल शून्याचा असतो. अल्पमतात पडल्यावर काही जण गप्प होतात, तसे काही जण उलट चवताळून लिहायला बसतात: ‘कुणीतरी बोलायलाच हवं.’ नोएल-नॉयमान यांनाही असा न दबणारा ‘कट्टर गाभा’ ठाऊक होता. हे दोन प्रवाह सारख्या ताकदीचे असतील तर सरासरी शून्य येईल आणि तुम्ही ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळ्या व्हाल. आठवडाभर आधी घेतलेली मताची पक्केपणाची आणि बोलणं आवरण्याची मापं इथे कामाला येतात. ज्यांचा आवरण्याकडे कल जास्त त्यांच्यात लिहिण्याचं प्रमाण घटलं आणि पक्क्या मताच्या लोकांत वाढलं, तर ती शून्य सरासरी दोन परिणामांची वजाबाकी होती. पण हे विश्लेषण करणार असं माहिती हाती येण्यापूर्वी नोंदवून ठेवा. नंतर तुकडे पाडत बसलं की कुठे ना कुठे काहीतरी सापडतंच.

दुसरा सापळा अनुकूल बाजूला आहे. नऊ जणांनी आपलंच म्हणणं मांडलेलं पाहिलं की दहावा म्हणतो, ‘माझा मुद्दा आलाच आहे.’ हेही मौनच, पण त्याचा भीतीशी संबंध नाही. त्यामुळे अनुकूल गटातला आकडा खाली येतो आणि खरा परिणाम लहान दिसतो. यावर उपाय म्हणून कॉमेंट्स न दाखवता फक्त बातमी दाखवलेला एक तिसरा गट ठेवा. त्याच्या तुलनेत कोणता गट किती सरकला हे दिसेल.

भीतीच कारण आहे का, हे तपासायची माझी आवडती युक्ती म्हणजे उत्तरांची सोय बंद करणं. काहींना सांगायचं, ‘या पानावर कॉमेंट्सना उत्तर देता येत नाही.’ क्रमांकाखाली लिहिलेल्या, उत्तर न येऊ शकणाऱ्या कॉमेंटला शिक्षा जवळपास संपते. तिथेही प्रतिकूल वातावरणातले लोक तितकेच गप्प राहिले, तर ‘लिहून उपयोग काय’ या भावनेचा संशय घ्या. उत्तरं सुरू असतानाच ते गप्प राहिले, तर टोमणे-टिंगलीच्या भीतीकडे बोट जातं. एकटं पडण्याची आणि अंगावर कुणी येण्याची भीती जवळच्या असल्या तरी एक नाहीत आणि निनावी जागेत दुसरीच जास्त खरी असते.

लोकांना वातावरण जाणवलं की नाही तेही पाहायचं: ‘12 पैकी किती कॉमेंट्स चाचण्यांच्या बाजूने होत्या?’ हा प्रश्न लिहिण्याची संधी देऊन झाल्यावर विचारा. ज्यांनी चुकीचं उत्तर दिलं त्यांना मात्र वगळू नका. वगळलंत तर लक्षपूर्वक वाचणारेच उरतात आणि यादृच्छिक वाटणीने मिळालेली बरोबरी मोडते. शिवाय ‘एकूण समाजात किती लोकांचं असं मत असेल?’ हेही विचारा. लोक आपल्या मताला आहे त्याहून जास्त पाठिंबा आहे असं धरून चालतात. ‘इथले कॉमेंटवाले म्हणजे काही समाज नव्हे’ असं ज्याने मनाशी ठरवलं आहे, त्याच्यावर नऊ कॉमेंट्सचा दाब येणारच नाही.

एवढं सगळं केलंत तरी तुम्ही पहिली कडी तपासली असेल: वातावरण पाहून माणूस गप्प बसतो का. आवर्त तेव्हा होतं, जेव्हा त्याच्या गप्प बसण्याने पुढच्याचं वातावरण बदलतं. ते पाहायला साखळी लागते. पहिल्या फेरीतल्या लोकांनी लिहिलेल्या खऱ्या कॉमेंट्स दुसऱ्या फेरीला दाखवायच्या, त्यांच्या तिसऱ्या फेरीला, आणि अशा अनेक साखळ्या एकमेकींपासून वेगळ्या चालवायच्या. सॅलगनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006मध्ये गाण्यांच्या लोकप्रियतेवर असाच प्रयोग केला होता. 14,000हून जास्त सहभागी आणि प्रभाव चालणारी आठ समांतर ‘जगं’. तीच गाणी वेगवेगळ्या जगांत वेगवेगळ्या क्रमांकांवर पोचली. तुमच्या साखळीत प्रत्येक फेरीला खाजगी मतं निम्मी-निम्मी असलेले लोक आणा आणि सुरुवात 9:3 ने करा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत प्रमाण 6:6 कडे परतलं तर आवर्त नाही. 9:3 वरच टिकलं तर दाब आहे, पण तो वाढत नाही. 10:2, 11:1 असं खाजगी मतांपासून दूर जात राहिलं तरच सिद्धांताच्या नावाला धरून काही घडलं. इथे मोजायचं एकक साखळी, माणूस नाही. त्यामुळे पाच साखळ्यांवर कसलाही दावा करू नका.

एम.ए.च्या वेळात साखळी बसणार नाही. तुमच्या जागी मी असते तर दोन वातावरणं, कॉमेंट्स न दाखवलेला एक गट, सगळेच निनावी, आणि उत्तरं सुरू-बंद एवढंच घेतलं असतं आणि नाव-फोटोची तुलना पीएच.डी.साठी ठेवली असती. प्रबंधाच्या शीर्षकातही ‘आवर्त’ न लिहिता ‘प्रतिकूल वातावरणात मत मांडण्याचं प्रमाण’ असं लिहिलं असतं. आणि कॉमेंट्स आपणच रचल्या होत्या, त्या प्रमाणावरून लोकांच्या खऱ्या मतांविषयी काहीही ठरवू नये, हे प्रत्येक सहभागीला पान बंद करण्यापूर्वी सांगा.